कढईत कांदा, तव्यावर मासा: तेल उडू नये म्हणून काय करायचं

तेल नुसतं तापवलं तर ते उडत नाही. रिकाम्या कढईत ते आधी पातळ होतं, कडेला किंचित लहरी दिसायला लागतात, फारच तापलं तर धूर येतो. शिंतोडे उडतात ते त्यात पाणी गेलं की. नव्याने स्वयंपाक शिकणारे बहुतेकजण याचा सगळा राग गॅसवर काढतात आणि तेल तापण्याआधीच घाईने मासा सोडतात. मग तेल तर उडतंच, शिवाय मासा तव्याला चिकटून बसतो. म्हणून आधी पाण्याचं काय होतं ते बघू, मग एकेक पदार्थ घेऊ.

पाणी तेलापेक्षा जड असतं. थेंब तेलात पडला की तरंगत नाही, तळाशी जातो. तळणीचं तेल साधारण १७० ते १८० अंशांवर असतं आणि पाणी १०० अंशांवर उकळतं. त्यामुळे तळाशी गेलेल्या थेंबाची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. वर तेलाचा थर आणि खाली एवढी वाफ, म्हणजे ती वरचं तेल फेकून देऊनच बाहेर पडणार. थेंब जेवढा मोठा, तेवढं जास्त तेल हातावर.

आता यातला खरा उपयोगाचा मुद्दा. पदार्थात दोन ठिकाणी पाणी असतं. एक त्याच्या अंगावर, म्हणजे धुतल्यावर राहिलेलं, आणि एक त्याच्या आत. आतलं पाणी हळूहळू बाहेर येतं, बारीक बुडबुडे काढत, एकसारखी चुरचुर करत. ती चुरचुर हवीच, तिच्याशिवाय काही तळलं जात नाही. अंगावरचं पाणी मात्र एकदम सुटतं आणि फाटकन तेल उडवतं. आपल्याला बंदोबस्त करायचा आहे तो या दुसऱ्या पाण्याचा. कानाला हा फरक दोन दिवसांत कळायला लागतो: एकसारखी चुरचुर असेल तर सगळं ठीक, मध्येच फट्-फट् असे तुटक आवाज आले तर कुठेतरी पाणी मोकळं आहे.

भांडं आणि पळी

सर्वात जास्त विसरलं जाणारं पाणी भांड्यातच असतं. कढई घासून, धुवून, नुसती उपडी करून ठेवलेली असते, तिच्या कानांजवळ आणि तळाशी पाणी असतं. तिच्यात तसंच तेल ओतलं तर पाणी तेलाखाली अडकतं आणि तेल तापलं की खालून उसळतं. त्यामुळे कढई किंवा तवा आधी पुसा, मग मंद आचेवर कोरडाच तापवा, ओलसर डाग पूर्ण उडून जाऊ द्या आणि त्यानंतरच तेल घाला. लोखंडी तव्याला तर हे हवंच, नाहीतर मासाही चिकटतो. नॉनस्टिक असेल तर पुसून घेतलं की पुरे, ते रिकामं जास्त तापवायचं नसतं.

हीच गोष्ट पळी, झारा, उलथणं आणि चिमटा यांची. नळाखालून काढलेला झारा झटकून तेलात घातला की जे होतं ते सगळ्यांनी एकदा पाहिलेलं असतं. ओट्यावर एक कोरडं फडकं फक्त यासाठी ठेवा. हातांसाठीही तेच. धुतलेल्या हाताने मोहरी घालायला गेलं की बोटांवरून दोन थेंब आत जातात.

तेल तापलंय का हे बघायला त्यात पाण्याचा थेंब टाकायची काहींना सवय असते. ती सोडून द्या. कोरड्या तव्यावर तेल घालण्याआधी पाणी शिंपडून बघणं वेगळं, तेलात पाणी टाकणं वेगळं. तेल बघायचं असेल तर रव्याचे चार दाणे टाका. ते लगेच भोवती बुडबुडे काढून चुरचुरले तर तेल तयार आहे. तळाशी गप्प बसले तर अजून थांबा. टाकल्याटाकल्या काळे पडले तर गॅस बंद करून थोडं थांबा.

फोडणीतला कांदा

रोजचा प्रसंग हाच. मोहरी तडतडते, आपण घाबरून घाईने सगळा कांदा वरून ओततो आणि कढईतून शिंतोडे येतात. यात कांद्याचा दोष फार नाही. कांदा सोलल्यावर अर्धा करून नळाखाली धरला जातो, पाकळ्यांमध्ये पाणी शिरतं आणि तेच पाणी चिरलेल्या कांद्याबरोबर कढईत जातं. कांदा धुवायचा असेल तर सोलून अख्खा धुवा, पुसा आणि मग कापा. पाटही कोरडा हवा. ओल्या पाटावर बारीक चिरलेला कांदा खालचं सगळं पाणी उचलून घेतो.

आदल्या दिवशी चिरून डब्यात ठेवलेला कांदा फ्रीजमध्ये पाणी सोडतो, ते तळाशी साचतं. डबा कढईवर उलटा करू नका. कांदा हाताने उचलून घ्या, पाणी डब्यातच राहू द्या. मीठ लावून ठेवलेल्या कांद्याचं तर फारच पाणी सुटतं, त्यामुळे परतायच्या कांद्याला मीठ कढईत गेल्यावरच घाला.

दोन मध्यम कांद्यांची भाजी धरू. खोलगट कढईत दोन मोठे चमचे तेल मध्यम आचेवर तापवा, अर्धा चमचा मोहरी घाला. मोहरी उडतेच, तिच्यावर झाकण आडवं धरा. तडतड ओसरली की गॅस अगदी बारीक करा, हिंग आणि हळद घाला. आता मूठभर कांदा कढईच्या कडेवरून आत सरकवा. वरून टाकायचा नाही. हा पहिला मूठभर कांदा तेलाला थोडं थंड करतो आणि आवाज खाली येतो. आवाज बसला की उरलेला कांदा घाला, हलवा आणि मग गॅस वाढवा. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा आहे.

कढीपत्ता हा फोडणीतला खरा खोडकर. पानं धुवून लगेच घातली तर पाणी उडवतातच, पण वाळवलेली पानंही तडतडतात, कारण पानाच्या आत ओलावा असतो आणि वरची साल त्याला पटकन बाहेर पडू देत नाही. पानं सकाळी धुवून फडक्यावर पसरून ठेवली की निम्मा त्रास जातो. उरलेल्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, पानं टाकायची आणि लगेच झाकण आडवं धरायचं. दुसरा, पानं कांद्याच्या वर घालायची. कांदा एकदा कढईत गेला की त्याच्या पाण्यामुळे तिथलं तापमान फार वर जात नाही आणि पानं शांतपणे परतली जातात. स्वाद मात्र थेट तेलात तळलेल्या पानांचाच जास्त येतो, त्यामुळे मी वरणाच्या फोडणीला पहिला मार्ग धरेन आणि कांद्याच्या भाजीला दुसरा.

अख्खी हिरवी मिरची तेलात टाकायची असेल तर तिला उभी चीर द्या. बंद मिरचीच्या पोकळीत वाफ कोंडते आणि ती फुटते, तेलासकट. आलं-लसणाची पेस्टही थेट तेलात घालू नका. ती पाण्यात वाटलेली असते. कांदा नरम झाला की त्याच्यावर घाला.

वाटण परतताना जे उडतं, ते जरा वेगळं प्रकरण आहे. ओल्या खोबऱ्याचं किंवा कांद्याचं वाटण घट्ट असतं, वाफ त्याच्याखाली अडकते आणि वाटणाचे गोळेच हातावर येतात. तिथे वाळवणं हा उपायच नाही. आच मंद ठेवणं, सतत हलवत राहणं आणि झाकण अर्धवट ठेवणं एवढंच हातात असतं. वाटणाच्या कडेने तेल सुटायला लागलं की त्यातलं पाणी आटलं आणि उडणंही थांबतं.

पालेभाजी आणि इतर ओल्या भाज्या

मेथी, पालक, माठ यांचं पाणी काढायला चाळणी पुरत नाही. पानं निवडा, धुवा, चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मग सुती पंचावर पातळ पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा. चिरायची ती त्यानंतर. आधी चिरून मग धुतली तर प्रत्येक कापावर पाणी बसतं, आणि भाजीचा रसही वाहून जातो.

वेळ नसेल तर भाजी ओलीच घाला, पण तेलात नको, कांद्यावर घाला. तेल तळाशी थोडं, वर कांद्याचा थर, त्याच्यावर पालेभाजी. पाणी तेलापर्यंत पोचेतो कांद्याने त्याला अडवलेलं असतं. पालेभाजीत मुळात तेल कमीच लागतं, त्यामुळे एवढ्याने काम होतं.

भेंडी आधी धुवून पुसून मगच कापायची, हे बहुतेकांना चिकटपणामुळे माहीत असतं. तेल न उडणं हा त्यातला दुसरा फायदा. बटाट्याचे आणि वांग्याचे काप काळे पडू नयेत म्हणून पाण्यात ठेवतात, ते फडक्यावर एका थरात मांडून वरूनही टिपून घ्यावे लागतात. फ्रीझरमधल्या मटाराला बर्फाचे कण चिकटलेले असतात. पिशवी थेट कढईवर उलटी केली की ते सगळे एकदम वितळतात. मटार चाळणीत घेऊन साध्या पाण्याखाली धरा, बर्फ जाऊ द्या, निथळा, पुसा.

कांदाभजी मात्र ओलं असूनही फारसं उडत नाही. कांद्याला सुटलेलं पाणी बेसनाने धरून ठेवलेलं असतं, मोकळा थेंब उरत नाही. पिठाचं हे काम लक्षात ठेवा, मासे तळताना तेच लागणार आहे.

तव्यावरचा मासा

माशात सगळ्याच अडचणी एकत्र येतात: अंगावर पाणी, पोटात पाणी, मसाल्याचं पाणी आणि उथळ तवा. चार मध्यम अख्खे बांगडे धरून सगळं पायरीपायरीने करू. हीच पद्धत सुरमईच्या तुकड्यांना आणि पापलेटलाही चालते.

पहिली पायरी, पोट. मासेवाल्याकडून साफ करून आणलेला बांगडा घरी पुन्हा धुतला जातो आणि पोटाच्या पोकळीत पाणी राहतं. बाहेरून कितीही पुसला तरी तो मासा कोरडा नाही. पहिल्या बाजूला सगळं शांत चालतं, आणि उलटला की पोटातलं पाणी तेलात ओघळून तेल एकदम जोरात उडतं. लोकांना वाटतं, उलटताना हात चुकला. खरं म्हणजे पाणी तेव्हाच बाहेर आलेलं असतं. म्हणून धुतल्यावर प्रत्येक बांगडा शेपटीला धरून उभा निथळू द्या, मग टिपकागद किंवा जुन्या धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा पोटात घालून आतून पुसा. कण्याजवळ साचलेलं काळपट रक्तही याच वेळी निघतं, वासही कमी होतो.

दुसरी पायरी, खाचा. बांगड्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरप्या खाचा द्या, काट्यापर्यंत पोचतील इतक्या. मसाला आत शिरतो हे झालंच, पण वाफेलाही बाहेर पडायला वाट मिळते. खाच नसलेली साल वाफेने फुगते आणि जिथे फाटेल तिथून तेल उडवते.

तिसरी पायरी, मसाला. चार बांगड्यांना एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे मिरचीपूड किंवा मालवणी मसाला आणि दोन चमचे कोकमाचं आगळ किंवा लिंबाचा रस. हे घट्ट हवं. पाणी घालून सैल केलेला मसाला माशावर राहत नाही, ताटात वाहतो. लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मीठ माशातून पाणी ओढतं, त्यामुळे तेवढ्या वेळात ताटाच्या तळाशी लालसर पाणी जमतं. ताट एका बाजूने उंच ठेवलं तर ते पाणी एका कडेला जातं आणि मासे त्यात भिजत नाहीत. हे पाणी तव्यावर ओतायचं नाही, मसाला वाया जातो म्हणूनही नाही. ते कालवणात जाऊ शकतं.

चौथी पायरी, पीठ. दोन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचं पीठ कोरड्या ताटलीत मिसळा. मासा मसाल्यातून उचला, जास्तीचा मसाला निथळू द्या, पिठात दोन्ही बाजूंनी दाबा, पोटाच्या कडांनाही लावा, मग हलकेच झटका. तांदळाचं पीठ वरचा ओलावा शोषून घेतं आणि रवा त्याला कुरकुरीत कवच देतो. झटकणं विसरू नका, सुटं पीठ तेलात जाऊन जळतं आणि पुढच्या माशांना कडू लागतं. पीठ लावायचं ते तव्यावर सोडायच्या अगदी आधी. पीठ लावून दहा मिनिटं ठेवलेल्या माशावर ओले डाग दिसायला लागतात. तसं झालं तर पुन्हा एकदा कोरड्या पिठात घोळवा.

पाचवी पायरी, तेल. साधारण २६ सेंटीमीटरच्या तव्यावर तीन ते चार मोठे चमचे तेल, मध्यम आच. रव्याच्या दाण्यांनी तपासा. धूर येत असेल तर मासा सोडू नका, गॅस बंद करून मिनिटभर थांबा. अर्धवट तापलेल्या तेलात मासा सोडण्याचा मोहही आवरा. तेव्हा आवाज कमी येतो खरा, पण मासा पाणी सोडत बसतो, पीठ ओलं होतं, तव्याला चिकटतं, आणि पाच मिनिटांनी तेल तापलं की ते साचलेलं पाणी एकदम उडतं.

सहावी पायरी, सोडणं. मासा शेपटीकडे धरा. डोक्याकडची बाजू तुमच्या जवळच्या कडेने तेलाला टेकवा आणि उरलेला मासा पुढे, तुमच्यापासून लांब, हळूहळू आडवा करा. शेपटी सर्वात शेवटी आणि सर्वात लांब. काही उडालंच तर ते पलीकडे उडतं. उंचावरून टाकलेला मासा पाणी नसतानाही तेल उसळवतो, त्यामुळे भीती वाटली की हात वर घेण्याऐवजी चिमटा वापरा. चारही बांगडे एकदम कोंबू नका, दोन-दोनचे घाणे काढा. तव्यावर गर्दी झाली की वाफेला जागा राहत नाही, तेल थंड पडतं आणि मासे तळण्याऐवजी शिजतात.

सातवी पायरी, उलटणं. चार-पाच मिनिटं मासा हलवू नका. कडेचं पीठ सोनेरी झालं आणि तवा हलवल्यावर मासा आपोआप सरकला की तो सुटला. उलटण्याआधी गॅस बारीक करा. तव्याला दांडा असेल तर तो किंचित पलीकडे कलता धरा, तेल लांबच्या बाजूला जातं आणि तुमच्याजवळचा भाग जवळजवळ कोरडा होतो. उलथणं खालून घाला, दुसऱ्या हातात चमचा घेऊन वरून आधार द्या आणि मासा पलीकडे लोळवा. तव्याच्या वर उचलून उलटा आपटायचा नाही. मग गॅस पुन्हा मध्यम करून आणखी चार-पाच मिनिटं.

पहिला घाणा निघाल्यावर तेलात पिठाचे काळे कण असतात. गॅस बंद करून ते कोरड्या झाऱ्याने काढा, लागलं तर चमचाभर तेल घाला, आणि दुसरा घाणा सोडण्याआधी त्या माशांवर ओले डाग आलेत का ते बघा. पहिला घाणा तळेपर्यंत ते ताटात थांबलेले असतात.

ओल्या बोंबिलाला मात्र याहून वेगळी तयारी लागते. तो मासा म्हणजे बहुतांश पाणीच. त्याला उभा चिरून उघडायचा, काटा काढायचा, मीठ लावून दोन फडक्यांमध्ये एका थरात पसरायचा आणि वर पाट ठेवून त्याच्यावर वरवंटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं ठेवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने फडकं ओलंचिंब होतं, ते बदलून पुन्हा तेवढाच वेळ दाबायचं. दाबलेला बोंबील चपटा आणि बऱ्यापैकी टणक लागतो. न दाबलेल्या बोंबिलाला कितीही रवा लावला तरी तो तव्यावर विरघळतो आणि तेल उडवतो.

गाबोळीबद्दल खास सांगायला हवं. माशाच्या अंड्यांची ती पिशवी बाहेरून छान कोरडी दिसते, म्हणून लोक ती सरळ तेलात सोडतात. पण पातळ पडद्याच्या आत वाफ साचते आणि मग पिशवी फुटून अंडी तेलासकट लांबवर उडतात. गाबोळी आधी हळद-मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकडा, गार करा, पुसा, काप करा आणि मग मसाला लावून तळा. अख्खीच तळायची असेल तर सुईने ठिकठिकाणी टोचा, आच मंद ठेवा आणि वर जाळी हवीच.

परदेशात राहणाऱ्यांना मासा बहुतेकदा गोठवलेलाच मिळतो. तो आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीत ठेवून खाली भांडं लावा. वितळताना सुटलेलं पाणी भांड्यात जमतं. ताटात ठेवून वितळवलेला मासा स्वतःच्याच पाण्यात भिजत राहतो.

झाकण की जाळी

तळण्यावर ठेवायची बारीक तारेची गोल जाळी भांड्यांच्या दुकानात मिळते. घ्यायचीच असेल तर तव्यापेक्षा मोठी घ्या. ती शिंतोडे अडवते आणि वाफ जाऊ देते, त्यामुळे मासा कुरकुरीत राहतो. वाफ मात्र तिच्यातून थेट वर येते, म्हणून उचलताना हात कडेला धरा.

झाकण पूर्ण लावलं तर उलटंच होतं. वाफ झाकणाला लागून पाणी होते, ते पाणी तेलात ठिबकतं आणि झाकणाखाली फटाके सुरू होतात. त्यात मासाही मऊ पडतो. झाकण वापरायचं ते ढालीसारखं, पहिली वीस-तीस सेकंद तुमच्या आणि तव्याच्या मध्ये आडवं धरून. ठेवलंच असेल तर काढताना तव्यावर तिरकं करू नका. सरळ आडवं उचला, तसंच बाजूला न्या आणि ओट्यावर गेल्यावर कलतं करा. तिरकं केलं की खाली जमलेलं सगळं पाणी एका कडेला धावतं आणि तेलात पडतं.

तेलात चिमूटभर मीठ किंवा हळद घातली की तेल उडत नाही, असं घरोघरी सांगतात. कोरडं मीठ किंवा पीठ बारीकसा ओलावा शोषून घेतं, तेवढा त्याचा उपयोग. एक-दोन बारीक थेंब असतील तर फरक पडतो. ओल्या माशापुढे चिमूटभर मिठाचं काही चालत नाही, आणि पावसाळ्यात दमट झालेलं मीठ घातलं तर तेच तडतडतं.

बटर वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. ते वितळताना आपोआप फेस येतो आणि उडतं. फेस बसला की पाणी गेलं, मग पदार्थ टाका. तुपात पाणी नसतं, म्हणून ते शांत असतं.

भाजलं किंवा पेटलं तर

तळताना बाह्या सुती असाव्यात, सिंथेटिक कापड कातडीला चिकटतं. तव्याचा दांडा आतल्या बाजूला वळवा आणि लहान मुलांना ओट्यापासून दूर ठेवा.

तेल अंगावर उडून भाजलं तर लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, वीस मिनिटं. वेळ फार वाटतो, पण एवढं लागतं. हाताला लागलं असेल तर सूज यायच्या आधी अंगठ्या आणि बांगड्या काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. फोड आला तर फोडू नका. डोळ्यात उडालं, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर भाजलं, किंवा भाजलेली जागा तुमच्या तळहातापेक्षा मोठी असेल तर पाणी घातल्यावर डॉक्टरकडे जा.

तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही. तळाशी जाऊन वाफ होण्याचा जो खेळ आतापर्यंत सांगितला, तोच आता जळत्या तेलाबरोबर होतो आणि ज्वाला छताला लागते. हात पोचत असेल तर गॅस बंद करा, मोठं झाकण किंवा स्टीलचं ताट कडेने सरकवून भांड्यावर ठेवा आणि भांडं पूर्ण गार होईपर्यंत ते उचलू नका. पेटलेली कढई उचलून सिंककडे किंवा बाहेर न्यायची नाही. झाकता येत नसेल तर घरच्यांना घेऊन बाहेर पडा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.